केशरी टी-शर्ट आणि गव्हाळ हात

मुंबईतल्या जुन्या मोबाइलधारकांनी एकाच सेवेचे बरेच रंग पाहिले आहेत. मॅक्स टचचे 2000 साली ऑरेंज झाले, 2005 मध्ये ऑरेंजचे हच झाले, मग हचचा गुलाबी रंग सगळीकडे दिसू लागला. सप्टेंबर 2007 मध्ये त्याच जागी व्होडाफोनचा लाल आला आणि सप्टेंबर 2020 मध्ये त्यातून ‘व्ही’ जन्मले. दुकानाची पाटी उतरवून नवी चढवायला एक दिवस पुरतो. पण कंपनीचा रंग पाटीवर असतो तसाच टी-शर्टवर, पिशवीवर, टोपीवर, छत्रीवर असतो, आणि या सगळ्या वस्तू हातात धरून, अंगात घालून हसणारी माणसे शेकडो जाहिरातींच्या छायाचित्रांत असतात.

ती सगळी छायाचित्रे नव्याने काढायची तर मॉडेल, जागा, प्रकाशयोजना असा सगळा खर्च पुन्हा करावा लागतो. म्हणून बहुतेक वेळा फायली रिटचिंग करणाऱ्यांकडे येतात. मागणी एका वाक्याची असते: जुना रंग काढा, नवा घाला, माणसे जशी आहेत तशी ठेवा. रंग निळा किंवा हिरवा असेल तर हे काम फारसे जड जात नाही, कारण माणसाच्या त्वचेत निळा-हिरवा जवळपास नसतो. निवृत्त होणारा रंग केशरी असेल तेव्हा मात्र या वाक्याचा शेवटचा तुकडाच सगळ्यात अवघड ठरतो.

याचे कारण आकड्यांत पाहिले तर लगेच पटते. समजा, किराणा घरपोच देणाऱ्या एका कंपनीचा जुना रंग `#F57C1F` आहे. रंगचक्रावर त्याची जागा सुमारे 26 अंशांवर येते. आता त्याच छायाचित्रातल्या गव्हाळ गालावर एक बिंदू घ्यावा. तिथे लाल 198, हिरवा 140, निळा 106 असे काही सापडते आणि त्याची जागा येते 22 अंशांवर. सावळ्या हातावर 120, 76, 52 सापडले तर ती 21 अंशांवर. गोरा, गव्हाळ, सावळा, काळा हे फरक मुख्यतः उजेड-अंधाराचे असतात. त्वचेला रंग देणारी मेलॅनिन आणि रक्तातले हिमोग्लोबिन ही द्रव्ये सगळ्यांत तीच, त्यामुळे जगभरच्या माणसांची मूळ रंगछटा लाल आणि पिवळ्याच्या मधल्या एका अरुंद पट्ट्यात मावते. व्हिडिओचे रंग जुळवणारे तंत्रज्ञ व्हेक्टरस्कोप नावाच्या आलेखावर त्वचेसाठी एकच रेघ आखतात, ती याच आधारावर. केशरी ब्रँड नेमका त्या पट्ट्यात येऊन बसतो.

म्हणजे ‘केशरी दिसेल ते सगळे बदल’ अशी आज्ञा संगणकाला दिली, तर तो टी-शर्टबरोबर माणूसही बदलणार.

हा प्रश्न एका चित्रावर सोडवून पाहू. दिवाळीच्या जाहिरातीचे छायाचित्र आहे. केशरी टी-शर्ट घातलेला मुलगा दारात उभा आहे आणि घरातली बाई त्याच्या हातून केशरी पिशवी घेते आहे. दार सागवानी आहे, वर झेंडूचे तोरण आहे, कोपऱ्यात पितळी समई आहे. बाईच्या हातावर मेंदी आहे. कंपनीचा नवा रंग गडद मोरपंखी, `#006D77`. टी-शर्ट आणि पिशवी मोरपंखी व्हायला हवी. झेंडू, सागवान, पितळ, मेंदी आणि चारही हात जागच्या जागी राहायला हवेत.

फोटोशॉपमध्ये यासाठी Select मेनूत Color Range आहे. चित्रातल्या एखाद्या बिंदूवर टिचकी मारली की तो रंग आणि त्याच्या जवळचे रंग निवडले जातात. जवळचे म्हणजे किती जवळचे, हे Fuzziness नावाची 0 ते 200 ची पट्टी ठरवते. या निवडीतून मास्क तयार होतो. बाटिकच्या कापडावर मेण लागलेल्या जागी रंग चढत नाही, तसा मास्कच्या काळ्या भागात बदल शिरत नाही. पांढऱ्या भागात तो पूर्ण शिरतो आणि करड्या भागात करडेपणाच्या प्रमाणात.

आपल्या चित्रात टी-शर्टच्या मधोमध टिचकी मारून Fuzziness 120 वर नेली, तर मास्कमध्ये टी-शर्टसोबत तोरण पांढरे होते, समई आणि दार करडे होते, मुलाचे गाल आणि बाईचे मनगटही करडे होते. पट्टी 15 वर आणली तर माणसे वाचतात, पण टी-शर्टच्या चुण्या आणि उजळ कडा सुटतात, आणि नव्या मोरपंखी कापडावर जुन्या केशरीचे ओरखडे राहतात. नवखा माणूस इथे तासभर पट्टी पुढे-मागे सरकवत बसतो. पण त्या पट्टीवर योग्य जागाच नसते, आणि हे एकदा ध्यानात आले की पुढचा वेळ वाचतो.

जागा का नसते ते चुणीत दिसते. टी-शर्टच्या खोल घडीत प्रकाश कमी पोचतो आणि तिथला केशरी तपकिरी होतो: साधारण 118, 66, 32. शेजारी मुलाचा सावळा हात आहे, 120, 76, 52. लालमध्ये दोनाचा फरक, हिरव्यात दहाचा, निळ्यात विसाचा. दुसऱ्या टोकाला, खांद्यावर ऊन पडले आहे तिथे कापड 250, 178, 118 इतके फिकटते आणि बाईच्या उजळलेल्या गालाकडे सरकू लागते. फक्त मधल्या उजेडातले कापड भडक असते, त्वचेपासून स्पष्ट वेगळे. रंगाच्या तीव्रतेने त्वचा आणि कापड वेगळे करता येतात खरे, पण त्या मधल्या भागापुरतेच. सावलीत आणि उन्हात ही सीमा पुसट होते, आणि सावळ्या त्वचेच्या माणसांच्या बाबतीत आधी सावलीतली.

त्यामुळे अनुभवी रिटचर आधी जागेने वेगळे करतात आणि मग रंगाने. Lasso घेऊन टी-शर्टभोवती ढोबळ कुंपण घालायचे. मागे साधी भिंत आहे त्या बाजूला सैल चालते. मान आणि मनगट यांपाशी जपून. कुंपण असताना Color Range उघडले तर ते फक्त आतच शोधते. या एका कृतीने तोरण, समई, दार आणि दोन्ही चेहरे प्रश्नातून बाहेर पडतात. पिशवीसाठी हेच वेगळे करायचे. उरते फक्त कुंपणाच्या आत येणारी त्वचा: टी-शर्टसमोर आलेला मुलाचा हात आणि पिशवीचे बंद धरलेली बाईची बोटे.

त्या हातांसाठी वेगळा मास्क लागतो. Color Range मध्येच Skin Tones असा पर्याय आहे. 2012 च्या सीएस 6 आवृत्तीत तो आला, आणि त्याच्याजोडीला चेहरे ओळखणारा Detect Faces. निळ्या किंवा जांभळ्या ब्रँडच्या चित्रांत तो चांगली सुरुवात करून देतो. केशरी ब्रँडमध्ये मात्र तो टी-शर्टलाही त्वचा समजून निवडतो, आणि तीच निवड वजा केली तर कापडात भोके पडतात. इथे सरळ Pen ने हातांची बाह्यरेषा काढावी, निवड करावी आणि `skin` नावाच्या चॅनलमध्ये जपून ठेवावी. दोन हातांना काही मिनिटे लागतात. शंभर चित्रांत ती मिनिटे जड वाटतात म्हणून हीच पायरी गाळण्याचा मोह होतो, आणि परत येणाऱ्या फायली बहुधा याच पायरीच्या असतात.

आता कापडाची निवड. पहिली टिचकी मधल्या उजेडातल्या कापडावर. मग Shift दाबून एक उन्हातल्या खांद्यावर, एक घडीत. नमुने तीन घेतल्यामुळे Fuzziness 40 च्या आसपास ठेवूनही सगळे कापड येते. पट्टी ताणावी लागत नाही. Localized Color Clusters चालू केले तर टिचकीच्या जागेपासून किती दूरवर शोधायचे हेही Range ने आवळता येते. निवड झाली की Load Selection मधून `skin` चॅनल वजा करायचा.

यानंतर पडद्यावर हलणारी तुटक रेघ दिसते आणि ती हाताला शिवत नसेल तर काम फत्ते झाल्यासारखे वाटते. ही रेघ फसवी आहे. निवड निम्म्याहून अधिक असते तिथूनच फोटोशॉप ती आखतो. मनगटावर 20 टक्के गळती असली तरी रेघ तिथे जात नाही. आणि केशरीला मोरपंखी रंगचक्रावर जवळपास समोरासमोर आहे. समोरासमोरचे रंग मिसळले की करडा होतो. म्हणून अशा गळतीत हात हिरवा-निळा दिसत नाही. तो राखाडी, रक्त उतरल्यासारखा दिसतो. पाहणाऱ्याला नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही, पण मुलगा आजारी वाटतो.

म्हणून मास्क नेहमी करड्या चित्राच्या रूपात, Alt दाबून त्याच्या लघुचित्रावर टिचकी मारून पाहावा. हात पूर्ण काळा हवा. त्यात राखाडी धूर दिसला तर मास्कवर Levels चालवून काळ्याचा बिंदू 55 च्या आसपास आणावा. 20 टक्क्यांची गळती 255 च्या मापात 51 भरते, ती त्यात बुडते. याने कडा कठीण होतात, त्या Feather अर्ध्या ते एक पिक्सेलने पुन्हा मऊ कराव्यात.

रंग चढवताना अनेकजण Hue/Saturation उघडून Hue ची पट्टी 159 अंश सरकवतात आणि टी-शर्ट मोरपंखी झाला म्हणून खूश होतात. तो ब्रँडचा मोरपंखी नसतो. जुन्या केशरीचा उजळपणा लॅब मापनात सुमारे 65 आहे, नव्या रंगाचा 42. नुसती छटा फिरवून हे अंतर भरत नाही, आणि टी-शर्ट पोपटाच्या पिसासारखा चमकू लागतो. त्यापेक्षा लेयरचा एक गट करावा, मास्क त्या गटावर लावावा, आत नव्या रंगाचा Solid Color लेयर Color मोडमध्ये ठेवावा आणि त्याच्यावर Curves ने उजळपणा खाली आणावा. मास्क एकच असल्यामुळे तो एकदा दुरुस्त केला की दोन्ही लेयर दुरुस्त होतात. मधल्या उजेडातल्या कापडावर Color Sampler चा बिंदू ठेवून Info मध्ये उजळपणा 42 च्या जवळ येईपर्यंत Curves ओढायचा. उन्हातला खांदा आणि घडी त्याहून उजळ-गडद राहणारच. सगळे कापड एका आकड्यावर आणले तर कापडाचा पोत मरतो आणि टी-शर्ट कागदाचा वाटतो.

त्वचेसाठी तपासणी सोपी आणि निर्दय असावी. गटाच्या आत सर्वांत वर भडक गुलाबी रंगाचा एक लेयर तात्पुरता टाकावा. गुलाबी जिथे जिथे दिसेल तिथे तिथे मास्क उघडा आहे. बोटांच्या मधल्या फटी, नखे, मनगटाची कड, कॉलरला टेकलेली मान, मेंदीच्या गडद रेषा या जागा दुप्पट मोठ्या करून पाहाव्यात. मग गाल, कपाळ, तळहाताची पाठ यांवर बिंदू ठेवून गट चालू-बंद करावा. एकही आकडा हलता कामा नये.

याला एक अपवाद आहे, आणि तो नजर तयार झाल्याशिवाय दिसत नाही. भडक कापड उजेड परावर्तित करते. मुलाच्या हनुवटीखाली, पिशवी धरलेल्या बोटांच्या आतल्या बाजूला केशरी झाक पडलेली असते. टी-शर्ट मोरपंखी झाल्यावर ती झाक कुठून आली याला उत्तर उरत नाही. त्वचेवर ती बरीचशी खपते, कारण त्वचा मुळात त्याच छटेची. पांढऱ्या भिंतीवर आणि स्टीलच्या दारकडीवर मात्र ती चटकन डोळ्यांत येते. तिथे मऊ ब्रशने वेगळा मास्क करून तीव्रता थोडी उतरवावी. हनुवटीखाली उतरवलीच तर अगदी हलकी, आणि मोरपंखी झाक मुद्दाम चढवण्याच्या फंदात पडू नये. चेहऱ्याखाली हिरवट उजेड कोणालाच शोभत नाही.

एक चित्र झाले. आता उरलेली शेकडो.

फोटोशॉपची Actions ही सोय पायऱ्या नोंदवून ठेवते आणि Batch त्या फोल्डरभर चालवते. Color Range च्या निवडीची मापे .axt फाइलमध्ये जपून पुन्हा वापरताही येतात. पण नोंदवलेली पायरी ‘टी-शर्ट निवड’ असे काही लक्षात ठेवत नाही. तिच्यात लॅब मापनातले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडे आणि Fuzziness एवढेच असते. सकाळच्या उन्हात काढलेल्या चित्रातला टी-शर्ट आणि ट्यूबलाइटखालचा टी-शर्ट यांचे आकडे वेगळे असतात, आणि पहिल्याचे आकडे दुसऱ्यावर चालवले की नेमकी त्वचा पकडली जाते. म्हणून आधी चित्रांचे गट पाडायचे: एकाच दिवशी, एकाच प्रकाशात काढलेली एकत्र. प्रत्येक गटात पांढऱ्या-करड्या एखाद्या वस्तूवरून, जसे पिशवीवरच्या पांढऱ्या पट्टीवरून, व्हाइट बॅलन्स जुळवून घ्यायचा. मग प्रत्येक गटासाठी वेगळे नमुने, वेगळी Action. आणि Color Range च्या पायरीवर संवादचौकट उघडण्याची खूण चालू ठेवायची, म्हणजे प्रत्येक फाइलवर यंत्र थांबते आणि माणूस मास्क पाहून पुढे जातो. पूर्ण आपोआप चालवलेल्या कामापेक्षा हे धिमे आहे. पण लोकांचे चेहरे असलेल्या फायली न पाहता पाठवणे हा निष्काळजीपणाच.

लाइटरूममध्ये हेच तत्त्व दुसऱ्या वाटेने वापरता येते. तिथल्या Color Range मास्कमध्ये Shift दाबून पाचपर्यंत नमुने घेता येतात, Refine ने व्याप्ती आवळता येते आणि Subtract मधून Select People निवडून चेहऱ्याची व अंगाची त्वचा वजा करता येते. समाजमाध्यमांसाठीच्या लहान चित्रांना हे पुरते. फलकावर दहा फूट मोठा होणारा हात मात्र फोटोशॉपमध्येच तपासावा.

मूळ फाइल कोणती हातात येते यावरही बरेच ठरते. कंपनीकडून बहुधा वेबसाइटवरची जेपेग मिळते. अनेक जेपेगमध्ये उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा साठवलेला असतो, पण रंग दोन बाय दोनच्या चौकोनाला मिळून एकच. डोळ्याला ते कळत नाही. रंगावरून मास्क करायला घेतले की बोट आणि कापड यांच्या सीमेवर पायऱ्या दिसू लागतात, कारण त्या चौकोनात त्वचा आणि केशरी यांची सरासरीच साठलेली असते. Feather वाढवून त्या झाकता येतात, पण मग बोटाभोवती केशरी धुके राहते. छायाचित्रकाराकडे रॉ किंवा टिफ असेल तर ती मागवायला लागणारे दोन दिवस वाया जात नाहीत.

काही चित्रे यादीतून वगळलेलीच बरी. कंपनीच्या 2015 सालच्या कार्यक्रमात कर्मचारी केशरी टी-शर्ट घालून उभे होते, तर त्या कार्यक्रमाचे छायाचित्र केशरीच राहिले पाहिजे. ती जाहिरात नव्हे, नोंद आहे. वृत्तपत्रांना दिलेली छायाचित्रेही तशीच.

आणि काही चित्रे तंत्राच्या हाताबाहेरची असतात. केशरी जाळीची ओढणी खांद्यावर आहे आणि तिच्यातून दंड दिसतो आहे, अशा चित्रात एकेका पिक्सेलमध्ये कापड आणि त्वचा मिसळलेली असते. मास्क अर्धा ठेवला तर दंड राखाडी पडतो, बंद ठेवला तर ओढणी केशरी राहते. धावत्या मुलाच्या हाताची आणि बाहीची एकच अस्पष्ट रेघ झाली असेल, किंवा केशरी निऑन पाटीखाली सगळा चेहरा न्हाऊन निघाला असेल, तरी तसेच. रिटचरने अशी चित्रे पहिल्याच दिवशी बाजूला काढून ग्राहकाला यादी द्यावी. दिवाळीच्या आपल्या गठ्ठ्यात अशी दहा-बारा निघाली, तर एका दुपारी एक मॉडेल आणि एक मोरपंखी ओढणी घेऊन ती पुन्हा काढणे हे त्यांच्यावर आठवडाभर मास्क घासत बसण्यापेक्षा स्वस्त पडते.